निम्मे परत येतात म्हणे!

प्रश्न : काका, नमस्कार. मी आणि तीन मित्र वर्षातून चार वेळा पणजीला जातो, दर वेळी दोन रात्री, मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर. रात्री पाचेक तास मी रूलेटवरच असतो. दर स्पिनला सहा आकड्यांवर अडीचशे-अडीचशे लावतो. तीन वर्षांपूर्वी मेंबर कार्ड मिळालं. त्याआधी वर्षातून एकदाच जायचो. गेल्या वर्षी १ लाख ६० हजार हरलो. पण कार्डावर चार रात्री खोली फुकट (दर ८,००० रुपये), आठही रात्री एंट्री, बुफे, दारू फुकट (बाहेर ४,००० घेतात) आणि वर १४,००० पॉइंट्स. झाले ७८ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मे परत! बायको म्हणते, हा हिशेब खोटा आहे. पॉइंट्सचा नियम असा : शंभर रुपयांच्या खेळाला एक पॉइंट. रेस्टॉरंटमध्ये पॉइंटला २० पैसे मिळतात, ओटीपी चिप्स घेतल्या तर ४० पैसे. ऑनलाइन पोकर बंद होण्याआधीच्या वर्षात ३० टक्के रेकबॅकचे २७ हजारही मिळाले होते. ते धरूनही त्या खात्यात १ लाख १० हजार गेले. नेमकं किती परत आलं हे कसं काढायचं?
— हिशेबी, पुणे

हिशेबी, वहिनींचं बरोबर आहे. पण त्या म्हणतात तेवढा तुमचा हिशेब खोटाही नाही. तुमच्या बेरजेत तीन वेगवेगळी नाणी एकाच थैलीत पडली आहेत, एवढंच. मी स्वतः काही वर्षं अशाच एका बोटीवर पिटमध्ये सुपरवायझर होतो. कोट घालून टेबलामागे उभं राहायचं आणि कोण किती लावतो ते लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे तुमच्या कार्डात पलीकडच्या बाजूने काय भरलं जातं, तिथूनच सुरुवात करतो.

तुम्ही टेबलावर बसलात आणि कार्ड दिलंत की सुपरवायझर बसल्याची वेळ टिपतो. मग काही स्पिन बघतो आणि ‘सरासरी बेट’ म्हणून एक आकडा टाकतो. तुम्ही उठलात की उठल्याची वेळ. बाकीचं संगणक करतो : सरासरी बेट, गुणिले तासाला किती स्पिन, गुणिले किती तास, गुणिले त्या खेळात घराचा, म्हणजे कॅसिनोचा, हिस्सा किती. येणाऱ्या रकमेला आम्ही ‘थिओ’ म्हणायचो. थिओ म्हणजे तुम्ही सरासरीने जेवढे हरायला हवे होतात तेवढी रक्कम. तुमची खोली, तुमचा बुफे, तुमची मनधरणी, सगळं या थिओवर ठरतं. तुम्ही त्या रात्री खरोखर जिंकलात की हरलात, याचा त्याच्याशी संबंध फार थोडा. या धंद्यात साधारण थिओच्या २० ते ४० टक्के गिऱ्हाइकावर परत खर्च करायची पद्धत आहे. म्हणून कॉम्पची, म्हणजे या फुकट मिळणाऱ्या गोष्टींची, खरी किंमत काढायची तर भागाकार आधी थिओने करायचा, हरलेल्या रकमेने नंतर.

आता तुमचा थिओ काढू. चाक एकाच शून्याचं असेल तर आकडे ३७. प्रत्येक आकड्यावर एक-एक रुपया ठेवलात तर ३७ रुपये लागतील, आणि कुठलाही आकडा लागला तरी हातात ३६ येतील. पस्तीस जिंकलेले आणि एक आपला. म्हणजे ३७ रुपयांत एक रुपया घराचा, २.७ टक्के. चाकावर दोन शून्यं असतील तर आकडे ३८ आणि हिस्सा ५.२६ टक्के, जवळजवळ दुप्पट. पुढच्या वेळी बसण्याआधी हिरवी शून्यं मोजा. मी इथे एकच धरतो. तुमची बेट सहा गुणिले अडीचशे, म्हणजे १,५००. चार-पाच माणसं बसलेल्या टेबलावर तासाला ३५ स्पिन होतात असं धरा. तुमचे तास वर्षाला ४०. म्हणजे वर्षभरात टेबलावरून फिरलेली रक्कम २१ लाख रुपये.

हो, २१ लाख. तुम्ही घरून एवढे नेले नव्हतेत हे मला ठाऊक आहे. तेच-तेच पैसे फिरून-फिरून लागतात. पण घराचा हिस्सा दर फिरण्यावर कापला जातो, आणि पॉइंटही दर फिरण्यावरच मिळतात. २१ लाखांचे २.७ टक्के म्हणजे जवळपास ५६,८०० रुपये. हा तुमचा वर्षाचा थिओ.

तुम्ही हरलात मात्र १ लाख ६० हजार. या फरकाने बोटीवर काहीतरी गडबड आहे असं समजू नका. सहा आकड्यांवर लावणाऱ्याचं नशीब फार हेलकावतं. छत्तीसपट अडीचशे म्हणजे ९,००० एकदम येतात, पण सरासरी सहा स्पिनांत एकदा. १,४०० स्पिनांनंतर तुमचा निकाल सरासरीपासून सव्वा लाख इकडे किंवा तिकडे असणं अगदी रोजचं आहे. तुमचं वर्ष जरा वाईट गेलं, इतकंच. पुढच्या वर्षी ५० हजार जिंकलात तरी मी तसंच म्हणेन की जरा बरं गेलं. कॉम्प हरलेल्या रकमेने भागण्यातला धोका इथेच आहे. जिंकलात त्या वर्षी उत्तरच येणार नाही, आणि पाच हजार हरलात तर ‘चारशे टक्के परत’ असं काहीतरी येईल. योजना तीच, तुमचा खेळ तोच, बदललं ते फक्त नशीब.

आता पॉइंट्स. तुमच्या बेरजेतली सगळ्यात मोठी चूक इथे आहे : १४,००० पॉइंट्स तुम्ही १४,००० रुपये धरलेत. कार्डावरचा आकडा चारआकडी-पाचआकडी दिसावा म्हणूनच पॉइंटची किंमत पैशांत ठेवतात. रेस्टॉरंटच्या भावाने तुमच्याकडे २,८०० रुपये आहेत.

पण त्याआधी एक गोष्ट बघा, जी तुमच्या नजरेतून निसटली. शंभराला एक पॉइंट, तर २१ लाखांचे २१,००० पॉइंट्स व्हायला हवे होते. तुमचे झाले १४,०००. म्हणजे त्यांच्या वहीत तुमचा खेळ १४ लाखांचाच आहे. तास आणि स्पिन त्यांनी माझ्यासारखेच धरले असतील तर तुमची सरासरी बेट १,५०० ऐवजी १,००० लिहिली गेली आहे. हे कसं होतं ते मी स्वतः करून बसलो आहे म्हणून सांगतो. शनिवारी एका सुपरवायझरकडे चार टेबलं. तुम्ही येता, पहिली दहा मिनिटं अंदाज घेत चारच आकड्यांवर लावता. मी तेवढंच बघतो, ‘सरासरी एक हजार’ लिहितो आणि दुसऱ्या टेबलावरची भांडणं सोडवायला जातो. तुम्ही पुढे पाच तास सहा आकडे खेळता, पण माझा आकडा तोच राहतो. यात कुणाची लबाडी नाही, पण नुकसान तुमचं. उपाय साधा आहे. रात्री उठताना विचारायचं : ‘माझं रेटिंग किती लागलं?’ आकडा कमी वाटला तर तिथल्या तिथे सांगायचं. त्याच रात्री दुरुस्ती होते, आठवड्याने होत नाही. आणि वर्षाच्या शेवटी पॉइंट्सना शंभराने गुणून आपल्या अंदाजाशी ताडून बघायचं, जसं आत्ता आपण केलं.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पिटवाल्यांच्या विरोधात आहे. चिप्स टेबलावर ठेवून तुम्ही बुफेला जाता तेव्हा बऱ्याचदा घड्याळ चालूच असतं, आणि अर्धा तास न खेळता तुमच्या नावावर लागतो. जुन्या गिऱ्हाइकांना हे चांगलं ठाऊक असतं.

म्हणजे पॉइंटचा दर कागदावर ०.२ टक्के : शंभर रुपये फिरवा, २० पैसे घ्या. हा दर एकटा काहीच सांगत नाही. त्याला घराच्या हिश्शाने भागायचं. ०.२ भागिले २.७ म्हणजे साधारण ७.४ टक्के. सरासरीने हरलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सात रुपये चाळीस पैसे पॉइंट्समधून परत, तेही रेस्टॉरंटच्या कुपनात. तुमचं रेटिंग कमी लागल्यामुळे ते प्रत्यक्षात ४.९ टक्क्यांवर आलं. तेच ०.२ टक्के पॉइंट्स दोन शून्यांच्या चाकावर मिळाले तर सरासरी तोट्याच्या ४ टक्केसुद्धा भरत नाहीत. दर तोच आणि कार्डही तेच, फक्त भाजक बदलला. कुठलाही कॅसिनो ‘डबल पॉइंट्स’ची रात्र जाहीर करतो तेव्हा मी आधी बघतो की कुठल्या खेळावर.

ओटीपी चिप्सचा भाव ४० पैसे, म्हणजे दुप्पट. १४,००० पॉइंट्सच्या ५,६०० रुपयांच्या चिप्स. इथे फसू नका. ओटीपी म्हणजे मोबाइलवर येतो तो नव्हे. ‘वन टाइम प्ले’, एकदाच खेळायची चिप. ती काउंटरवर रोख होत नाही. लावली आणि हरली तर गेली. जिंकली तर जिंकलेले पैसे खऱ्या चिप्समध्ये मिळतात, पण ती चिप स्वतः डीलर उचलून घेतो. लाल-काळ्यावर लावलीत तर ३७ पैकी १८ वेळा चिपेइतके पैसे मिळतील, एकोणीस वेळा काही नाही. म्हणजे १०० रुपयांच्या ओटीपी चिपेची खरी किंमत ४८ रुपये ६० पैसे. ५,६०० च्या चिप्स खऱ्या भावात २,७२० च्या आसपास. रेस्टॉरंटच्या २,८०० पेक्षा थोड्या कमीच! ४० पैशांचा भाव ठरवणाऱ्याने हा हिशेब करूनच ठरवला असणार.

यातही एक पळवाट आहे. ओटीपी चिप एकाच आकड्यावर लावायची परवानगी असेल तर ३७ पैकी एकदा ३५ पट मिळतात, म्हणजे १०० च्या चिपेची किंमत ९४ रुपये ६० पैसे होते. कारण डीलर जी चिप उचलून नेतो ती ३५ पटींच्या मानाने नगण्य; लाल-काळ्यावर मात्र तीच निम्मी कमाई असते. म्हणून पुष्कळ ठिकाणी ओटीपी फक्त लाल-काळा, सम-विषम अशा बरोबरीच्या पैजांवरच चालते. नियम आधी विचारा. चालत असेल तर एकेका आकड्यावर लावा, पण डोळे उघडे ठेवून : पाचशेच्या अकरा चिप्स असतील तर चारातल्या तीन वेळा सगळ्या जातील आणि हात रिकामे राहतील. सरासरी चांगली आहे याचा अर्थ त्या रात्री काहीतरी मिळेल असा नाही.

आता खोली. ८,००० हा दारावरचा दर. आठवड्याच्या मधल्या रात्री रिकामी राहिली असती अशी खोली कॅसिनोला जवळपास धुण्या-झाडण्याच्या खर्चात पडते, म्हणूनच ती सढळ हाताने दिली जाते. पण कॅसिनोला ती किती पडली हा तुमचा प्रश्न नव्हे, आणि दारावर काय लिहिलंय हाही नव्हे. प्रश्न असा : ती फुकट मिळाली नसती तर त्या रात्रीसाठी तुमच्या खिशातून किती गेले असते? कार्ड येण्याआधी चौघं मित्र काय आठ-आठ हजारांच्या चार खोल्या घेत नव्हता. तुमच्या वाट्याला अडीच हजार आले असते असं धरतो. खरा आकडा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. चार रात्रींचे १०,०००. हीच कसोटी बुफेला. बाहेर माशाचं ताट आणि दोन बिअर घेतल्या असत्या तर नऊशेच्या आसपास गेले असते, आठ रात्रींचे ७,२००.

इथे तुम्ही म्हणाल की काका, कार्ड नसतं तर एंट्रीचे चार हजार भरावे लागले असतेच ना? बरोबर, जर तुम्ही भरून गेला असतात तर. पण कार्ड नव्हतं तेव्हा तुम्ही वर्षाला दोनच रात्री भरून गेलात, आठ नाही. आणि रोखीच्या एंट्रीत बहुतेक वेळा काही ओटीपी चिप्सही असतात, त्या कार्डावरच्या फुकट एंट्रीत मिळतातच असं नाही. म्हणून मी सगळ्या रात्री जेवणाच्या भावाने धरल्या. दोन रात्री एंट्रीच्या भावाने धरायच्या असतील तर पाच-सहा हजार वर चढवा, माझी हरकत नाही.

तर बेरीज : खोली १०,०००, खाणंपिणं ७,२००, पॉइंट्स २,८००. एकूण २०,०००. थिओने भागा : ३५ टक्के. खरोखर हरलेल्या रकमेने भागा : साडेबारा टक्के.

पहिला आकडा योजनेचा आहे. तो सांगतो की सरासरीने घर तुमच्याकडून घेतं त्या प्रत्येक शंभरातले ३५ रुपये वस्तूंच्या रूपात परत येतात. धंद्याच्या मानाने हा आकडा बरा आहे, तुम्हाला वाईट वागवलेलं नाही. दुसरा आकडा तुमच्या गेल्या वर्षाचा आहे, वहिनींना सांगायचा तो हा. निम्मे नव्हे, आठवा हिस्सा. आणि तोही रोख नाही. जेवण पोटात गेलं आणि झोप झाली, बँकेत काही आलं नाही.

पण मला या सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट वेगळीच आहे. फुकट खोली कुठल्या रात्रींची मिळते? सोमवार ते गुरुवारची. त्या रात्री टेबलं रिकामी. शनिवारी आठ जणांच्या चिप्स मांडायला आणि पैसे द्यायला डीलरला वेळ लागतो, स्पिन ३०-३५ च्या पुढे जात नाहीत. मंगळवारी तुम्ही आणि आणखी एक जण असाल तर तासाला ५५ सहज होतात. तोच पाच तासांचा बैठा खेळ, पण घराचा हिस्सा दीडपट वेळा कापला जातो. मात्र रेटिंगच्या संगणकात तासाचे स्पिन बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात. टेबल भरलंय की रिकामं, तो बघत नाही. सगळ्या रात्री अशा गेल्या असत्या तर तुमचा खरा थिओ ८९,००० च्या वर गेला असता आणि २०,००० चे टक्के ३५ वरून २२ वर उतरले असते. कार्डावर काहीच बदललेलं दिसलं नसतं. एकदा मोबाइलवर घड्याळ लावून पंधरा मिनिटांत किती स्पिन होतात ते मोजा आणि चारने गुणा. अंदाज पुन्हा लावावा लागणार नाही.

आणि वर्षातून एक फेरी होती ती चार झाली, हे कार्डाचं खरं काम. एका फेरीचा थिओ १४,२०० च्या घरात आणि परत येतात ५,०००. वाढलेल्या तीन फेऱ्यांचा हिशेब साडेबेचाळीस हजार गेले, पंधरा हजारांचं खाणं-झोपणं मिळालं. गाडीचं डिझेल वेगळं. पहिल्या फेरीला तुम्ही कार्ड नसतानाही गेलाच असतात, त्या फेरीवरचे कॉम्प म्हणजे खरंच तुमची बचत. बाकीच्या तीन फेऱ्यांवरचे कॉम्प हे तिकडे बोलावण्याचं भाडं आहे. निमंत्रणाची तारीख नेहमी त्यांना सोयीची असते, हे लक्षात आलं असेलच.

पुढे जाण्याआधी एक शंका. १ लाख ६० हजार हे टेबलावर गेलेले चिप्स आहेत की खात्यातून गेलेले रुपये? कारण मधे जीएसटी बसतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत तुम्ही पैसे देऊन चिप्स घेता त्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर नाही, पण खिशातून नवे पैसे काढले की आहे. घराचा २.७ टक्के हिस्सा याच्यापुढे किरकोळ वाटावा असा हा आकडा आहे. तुमच्या पत्रात पावत्या नाहीत म्हणून मी तो वरच्या हिशेबात धरला नाही. तुम्ही मात्र धरा : पावतीवर कराचा जो आकडा असेल तो तोट्यात मिळवा आणि मग २०,००० ला भागा. साडेबारा टक्के आणखी खाली येतील. रात्रीतून चार वेळा थोड्या-थोड्या चिप्स घेतल्या असतील तर चारही पावत्या शोधा, लोक पहिलीच तेवढी जपून ठेवतात.

राहिला रेकबॅक. हा भाग थोडक्यात, कारण २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन मनी गेमिंगवर बंदी घालणारा कायदा आला (राष्ट्रपतींची सही २२ ऑगस्टची) आणि इथल्या साइट्सनी पैशांचे खेळ बंद केले. तरी तुमच्या मनात तो ‘नफा’ म्हणून बसला आहे, म्हणून तेवढा पुसून टाकू.

पोकरमध्ये तुम्ही घराविरुद्ध खेळत नाही, बाकीच्या खेळाडूंविरुद्ध खेळता. घर प्रत्येक पॉटमधून आपला वाटा काढतं, तो रेक. ३० टक्के रेकबॅक म्हणजे या रेकच्या ३० टक्के, तुमच्या तोट्याच्या नव्हे. २७,००० हे ३० टक्के असतील तर तुम्ही वर्षभरात ९०,००० रेक भरलात. रेकबॅक धरूनही खात्यात १ लाख १० हजारांचा खड्डा आहे, तर रेकबॅक नसता तेव्हा तो १ लाख ३७ हजारांचा असता. त्यातले ९०,००० घराला गेले आणि ४७,००० समोरच्या खेळाडूंना. २७ भागिले १३७ : साधारण १९.७ टक्के. म्हणजे जाहिरातीतले ३० टक्के तुमच्या तोट्याचे २० टक्केही नव्हते. टेबलावर तुम्ही जितके कच्चे, तितका हा आकडा खाली जातो, कारण समोरच्याने जिंकलेल्या पैशांवर रेकबॅक मिळत नाही. याउलट तुम्ही इतरांकडून ७०,००० जिंकत असतात तर रेक वजा जाऊन तोटा २०,००० राहिला असता, आणि २७,००० च्या रेकबॅकने तुम्हाला ७,००० चा नफा दाखवला असता. पूर्वी रेकबॅकवर पोट भरणारे लोक होते ते असे. टेबलावर बरोबरीत राहणारे, दिवसाला हजारो हात खेळणारे. आठवड्याला दोन रात्री खेळणाऱ्याचं ते गणित नाही.

त्यातही तुमच्या नावावर रेक किती लिहिला जातो हे साइट ठरवायची. जुनी पद्धत होती की पत्ते वाटलेल्या सगळ्यांत पॉटचा रेक सारखा वाटायचा. त्यात पत्ते टाकून गप्प बसणाऱ्याला आयता फायदा. नंतर बहुतेकांनी ज्याने पॉटमध्ये जितके घातले तितका त्याचा रेक, अशी पद्धत धरली. शिवाय डिपॉझिट बोनस मिळाला की तो रेकमधून आधी वजा करायचा आणि उरलेल्यावर टक्के द्यायचे, असाही नियम असायचा. तुमच्या २७,००० मधले किती सरळ खात्यात आले आणि किती ‘अजून इतका खेळलात तर मोकळे होतील’ अशा बोनसमध्ये अडकून राहिले, ते जुन्या स्टेटमेंटमध्ये सापडेल. अडकलेले धरू नका.

आता ते १४,००० पॉइंट्स अजून कार्डावरच असतील तर त्यांची मुदत कधी संपते ते फोन करून विचारा. पुष्कळ कार्डांवर काही महिने खेळ झाला नाही की पॉइंट्स शून्य होतात, आणि नेमका त्या सुमारास ‘तुमचे पॉइंट्स वाया जातील’ असा मेसेज येतो. आला तर एवढं लक्षात ठेवा की ते २,८०० रुपये आहेत. पुण्याहून पणजीला जाण्यायेण्यात तेवढे वाटेतच जातात.